नदीकाठच्या पंपहाऊसची हँडओव्हर नोट कशी लिहावी?

प्रश्न : डिचोली तालुक्यात एका कारखान्याचा नदीकाठचा पंपहाऊस माझ्याकडे आहे. 40 एचपीचे दोन स्प्लिट केसिंग पंप, एक चालू आणि एक स्टँडबाय. पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. नवीन माणसासाठी दर आठवड्याच्या तपासण्या आणि धोक्याच्या खुणा लिहून ठेवायच्या आहेत. नोटमध्ये नक्की काय लिहू?

उत्तर : खांडेपार नदीच्या काठावर अशाच एका पंपहाऊसची देखभाल मी बरीच वर्षं केली. तिथे मला मिळालेल्या नोटमध्ये 'ग्लँड तपासणे, बेअरिंग तपासणे, प्रेशर पाहणे' अशा ओळी होत्या. एवढं तर कुठल्याही पंपाच्या पुस्तकात असतं. नवीन माणसाला हवे असतात ते तुमच्या पंपाचे, धडधाकट असतानाचे आकडे. ते नसतील तर गेजचा काटा कुठेही असला तरी त्याला तो बरोबरच वाटणार.

म्हणून पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा : दोन्ही पंपांची चांगल्या अवस्थेतली नोंद. डिलिव्हरी प्रेशर, सक्शनचा व्हॅक्यूम, तिन्ही फेजचे अँपिअर आणि व्होल्टेज, आणि त्या वेळची नदीची पातळी. तुमची नदी त्या जागी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येत असेल तर घड्याळाची वेळही टाका. ही पातळीच बहुतेकजण विसरतात आणि गोव्यात नेमकी तिथेच फसगत होते.

कशी, ते आकड्यांत सांगतो. समजा तुमचा पंप ताशी 100 घनमीटर पाणी एकूण 60 मीटर हेडवर देतो. मे महिन्यात नदी पंपाच्या मध्यरेषेपासून साडेतीन मीटर खाली आहे. जाळी, फूट व्हॉल्व्ह आणि पाइपात मिळून अर्धा मीटर जातो. म्हणजे सक्शनला चार मीटरची ओढ. एक मीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे सुमारे 74 मिलिमीटर, तेव्हा व्हॅक्यूम गेज 295 च्या आसपास दिसेल. डिलिव्हरीला साडेपाच किलोच्या थोडं वर आणि मीटरवर साधारण 40 ते 42 अँपिअर. ऑपरेटर लॉगबुकात 295 लिहितो आणि तोच आकडा डोक्यात बसतो.

आता जुलै घ्या. नदी दीड मीटर चढली. ओढ तेवढीच कमी व्हायला हवी, म्हणजे काटा 185 च्या आसपास यायला हवा. पण गेज अजूनही 290 दाखवतो. लॉगबुक पाहिलं तर सगळं नेहमीचं. डिलिव्हरी तीच, अँपिअर तेच. प्रत्यक्षात नदीने जे दीड मीटर दिलं ते जाळीत अडकलेल्या पाल्याने, नारळाच्या काथ्याने आणि प्लॅस्टिकने खाल्लं. 60 मीटरच्या हेडमध्ये दीड मीटर इकडचं तिकडे झालं तर डिलिव्हरीच्या काट्याला ते जाणवतही नाही. पुढे पाऊस ओसरतो, नदी पुन्हा दीड मीटर उतरते आणि तीच तुंबलेली जाळी घेऊन काटा 400 वर जातो. त्यात जाळी अजून थोडी भरली की पंपाच्या पोटात खडी घातल्यासारखा आवाज सुरू होतो. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, आणि त्यात इंपेलरची धातू कुरतडली जाते. लोक त्याचं खापर ऑक्टोबरच्या उन्हावर किंवा बेअरिंगवर फोडतात. बिघाड जुलैतला असतो.

हे पकडायला नदीची पट्टी वाचलीच पाहिजे असं नाही. एक सोपी चाचणी आहे, आणि तुमच्या नोटमधली सर्वांत महत्त्वाची साप्ताहिक तपासणी मी हीच ठेवेन. पंप चालू असताना व्हॅक्यूम नोंदवा. मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करा आणि काटा स्थिरावला की पुन्हा नोंदवा. प्रवाह थांबला की घर्षण उरत नाही, म्हणून बंद व्हॉल्व्हवरचा आकडा फक्त नदीची पातळी सांगतो. दोन्हींतला फरक म्हणजे जाळी आणि सक्शन लाइन जे खातात ते. वरच्या उदाहरणात मे महिन्यात 295 आणि 257, फरक 38. जुलैत 290 आणि 147, फरक 143. नदी कुठेही असो, फरक साधारण तेवढाच राहायला हवा. नोटमध्ये सरळ लिहा : 'फरक 40 च्या आत ठीक, 80 झाला की जाळी साफ करायची तयारी, 120 झाला की पंप बदलून स्टँडबाय चालवायचा.' हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही चांगल्या दिवशी काढा.

व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची मर्यादाही त्याच ओळीत हवी. एका मिनिटाच्या वर नाही, कारण आतलं पाणी तापत जातं. त्या मिनिटात डिलिव्हरी गेजही वाचून घ्या. बंद व्हॉल्व्हवरचं प्रेशर महिन्यागणिक उतरत असेल तर वेअर रिंग किंवा इंपेलर झिजतोय. पावसातलं गढूळ पाणी ओढणाऱ्या पंपात ही झीज हमखास होते. फक्त गेज आधी तपासा. किती पंपहाऊसमध्ये काटा वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटलेला असतो हे तुम्हालाही ठाऊक असेल. पंप बंद असताना आणि गेज बाहेरच्या हवेला मोकळा केलेला असताना काटा शून्यावर येत नसेल तर पुढचं सगळं वाचन व्यर्थ.

धोक्याच्या खुणा लिहिताना एकेका गेजबद्दल लिहू नका, जोड्या लिहा. एकटा काटा फारसं बोलत नाही. अँपिअर उतरले आणि व्हॅक्यूम वाढला तर जाळी तुंबली. अँपिअर उतरले आणि डिलिव्हरी प्रेशर वाढलं तर पुढे कुठेतरी व्हॉल्व्ह बंद आहे. डिलिव्हरी पडली आणि अँपिअर मात्र वाढले, तर पुढची लाइन फुटली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, कारण त्याच्या मते पंपावरचा भार हलका व्हायला हवा. पण या जातीच्या पंपात समोरचा विरोध गेला की पाणी जास्त वाहतं आणि मोटरवर भार चढतो. अशा वेळी आधी पंप बंद करा, मग लाइन चालत बघा. तिन्ही फेजचे अँपिअर सारखे वाढले आणि व्होल्टेज खाली असेल तर दोष पंपाचा नाही. एकाच फेजचा आकडा वेगळा पडत असेल तर पॅनेलमधले काँटॅक्ट आणि फ्यूज आधी पाहा.

आणखी एक जोडी म्हणजे व्हॅक्यूम आणि डिलिव्हरी असे दोन्ही काटे थरथरणं. त्याचा अर्थ हवा शिरतेय. स्प्लिट केसिंग पंपात दोन्ही ग्लँड सक्शनच्या बाजूला, ओढीखाली असतात. त्यांना डिलिव्हरीकडून एक बारीक नळी पाणी पुरवते. पावसाळ्यात त्या नळीत चिखल बसतो, ग्लँडमधलं पाणी थांबतं आणि तिथूनच हवा ओढली जाते. गंमत अशी की बाहेरून ग्लँड एकदम कोरडी, छान दिसते. गळत नाही म्हणून ऑपरेटर खूश. तेव्हा नोटमध्ये ठळक लिहा : ग्लँड गळायलाच हवी, मिनिटाला 40 ते 60 थेंब. कोरडी दिसली की तिच्यावर बाटलीने पाणी ओता. काटे तेवढ्यापुरते शांत झाले तर हवा तिथूनच येत होती. मग नळी काढून साफ करा. उलट ग्लँडला धार लागली असेल तर तिचे दोन्ही नट सारखेच आवळा, एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी, आणि पुढच्या फेरीआधी दहा मिनिटं थांबा. ग्लँडमध्ये नवीन दोरी घालूनही धार थांबत नसेल तर शाफ्टवरच्या स्लीव्हला चरे पडलेत. आणखी आवळून काही होणार नाही.

बेअरिंगबद्दल लांबलचक लिहू नका. पाठीमागच्या आठवड्यापेक्षा गरम आहे का, आवाज बदलला का, एवढं पुरे. आणि ग्रीस वाढवलं की बेअरिंग थंड होतं हा समज खोडून काढा. भरमसाट ग्रीसनेच ते तापतं.

स्टँडबायला मात्र जागा द्या. जूनपासून आपल्याकडच्या दमट हवेत आठवडाभर उभी असलेली मोटर ओल धरते. सुरू करण्याआधी मेगर लावा आणि एक मेगाओहमच्या आसपास किंवा खाली आकडा आला तर सुरू करू नका. 60-100 वॉटचे दोन दिवे शेजारी लावून, किंवा हीटर असेल तर तो चालू ठेवून आधी सुकवा. स्पेस हीटर असलेल्या मोटरींचे हीटर बहुधा मेलेलेच असतात, तेही तपासायला लिहा. दर आठवड्याला स्टँडबाय निदान दोन तास चालवा. मी दोन्ही पंप निम्मे-निम्मे चालवण्याच्या विरुद्ध आहे. तसं केलं तर दोन्ही एकाच वेळी झिजतात. एक पाच दिवस, दुसरा दोन, हे चांगलं.

फूट व्हॉल्व्हची तपासणी पंप बंद केल्यावर अर्ध्या तासाने. केसिंगच्या वरचा एअर कॉक उघडा. पाणी दिसलं तर ठीक. हवा आत ओढली गेली तर पाणी खाली गेलंय, म्हणजे व्हॉल्व्ह गळतोय किंवा त्यात काडी अडकलीय. बंद होताना शाफ्ट उलटा फिरला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही. तो फिरत असताना पंप पुन्हा सुरू केला तर शाफ्ट किंवा कप्लिंग तुटू शकतं, हे लाल शाईत लिहा.

जाळी साफ करायला कोणी सक्शनच्या विहिरीत उतरण्याआधी पॅनेलचे फ्यूज काढून ते खिशात ठेवायचे, वर दुसरा माणूस आणि दोर हवा, आणि नदीला पूर असताना उतरायचंच नाही. त्यासाठीच तर दुसरा पंप आहे. चवथीच्या सुटीत माणसं कमी असतात, म्हणून मी जाळीची साफसफाई चवथीच्या आधीच उरकून घ्यायचो.

शेवटची पानं बारीकसारीक गोष्टींना : डिलिव्हरी व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, ग्लँड दोरीचं माप, बेअरिंगचे नंबर, वाकड्या चावीची जागा. आणि हे सगळं कागदावर देऊन निघू नका. बदलीआधी एक दिवस नवीन माणसाच्या हातूनच व्हॉल्व्ह बंद करून घ्या आणि दोन्ही आकडे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.