ईसॉप पूल किती ठेवायचा आणि पहिल्या लोकांना तो कसा सांगायचा?

प्रश्न: मुंबईत आमचं दोघांचं स्टार्टअप आहे. ईसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायचा शेअरचा हिस्सा, १० टक्के ठेवायचा की १५? आणि पहिल्या जॉइन होणाऱ्यांना हे समजावायचं कसं?

उत्तर:

टक्का नंतर, आधी माणसांची यादी करा. पुढच्या दीड वर्षात कोण कोण लागणार ते लिहा आणि प्रत्येकापुढे हिस्सा मांडा. आमच्या यादीत टेक सांभाळणारा २ टक्के, दोन डेव्हलपर १-१, सेल्सला ०.७५, डिझायनरला ०.५ आणि सपोर्टच्या चौघांना ०.२५ प्रत्येकी, अशी बेरीज ६.२५ आली. मध्येच कुणी घ्यावं लागलं तर हाताशी असावं म्हणून आम्ही ८ धरले. गुंतवणूकदार बहुतेक वेळा पूल त्याचे पैसे येण्याआधी वाढवायला लावतो, म्हणजे भार फक्त तुमच्या दोघांच्या हिश्श्यावर येतो. तेव्हा तो १५ म्हणाला, तर ही यादीच पुढे करा.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. तुमचे दोघांचे मिळून १,००,००० शेअर असतील तर ८ टक्क्यांसाठी ८,००० ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचे हक्क, काढून भागत नाही, कारण ते एकूण १,०८,००० पैकी ७.४ टक्केच होतात. ८,६९६ लागतात, आणि एकूण आकडा १,०८,६९६ होतो.

हा एकूण आकडा लपवू नका. अंधेरीत एका उडुप्याकडे मी आमच्या पहिल्या डेव्हलपरला बिलामागे लिहून दिलं होतं, "१,०८० ऑप्शन". तिने पेन घेतलं, आकड्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "कितीपैकी?" मी ते सांगायलाच विसरलो होतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक ऑफर लेटरमध्ये दोन्ही आकडे असतात. शिवाय खाली लिहितो की २० टक्के हिस्सा देऊन पैसे उभे केले, तर हा १ टक्का ०.८ होईल.

व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन टप्प्याटप्प्याने हक्काचे होणं, सांगायला सोपं आहे. चार वर्षं, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर २७०, मग दरमहा थोडे थोडे. आपल्याकडे ऑप्शन दिल्या दिवसापासून किमान एक वर्ष कायद्यानेच थांबावं लागतं.

खरा वेळ द्या तो टॅक्सला. समजा त्या डेव्हलपरने त्या २७० ऑप्शनचे शेअर प्रत्येकी १० रुपयांनी घेतले आणि त्या दिवशी शेअरचं मूल्यांकन १,५०० निघालं. मधले १,४९० गुणिले २७०, म्हणजे ४,०२,३०० रुपये, तिच्या पगारात धरले जातात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट सव्वा लाखाचा टॅक्स, आणि शेअर विकायला गिऱ्हाईक तर नाही! ८०-आयएसी या आयकर सवलतीचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्ये हा टॅक्स पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की तो भरावा लागतो.

म्हणून नोकरी सोडल्यावर ऑप्शनचे शेअर घ्यायला किती मुदत, ते ईसॉपच्या स्कीममध्ये आधीच पाहा. तयार मसुद्यात बहुधा ९० दिवस असतात. तिच्या आग्रहामुळे आम्ही ती पाच वर्षं केली, आणि ते लेटरमध्येही लिहून दिलं.