पोट सुटलंय, चेष्टा होते: कमी करू की स्वीकारू?

वय ४४. पोट सुटलंय, सगळे चेष्टा करतात, चारचौघांत जायला नको वाटतं. कमी करायच्या मागे लागू की आहे तसं स्वीकारू?

आधी टेप लावा, मग ठरवा. पँटच्या नंबरावर जाऊ नका. मी बारा वर्षं ३४ नंबरच घालत होतो, म्हणून पोट वाढलंच नाही असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पट्टा पोटाखाली सरकत गेला होता.

भाचीच्या लग्नात, पंगत बसलेली असताना, दादाने माझ्या पोटावर थाप मारून "कितवा महिना?" विचारलं. अख्खी रांग हसली. माझा बारावीतला मुलगा तेवढा खाली मान घालून भात कालवत राहिला. ते मला फार लागलं. त्यानंतर शर्ट खोचणं बंद, ग्रुप फोटोत मागची रांग, आणि टिळक तलावावर पोहायला जाणंही सुटलं. म्हणजे जो व्यायाम आवडीने होत होता तोच लाजेपायी गेला. "चेष्टेने माणूस सुधारतो" म्हणणाऱ्या दादाला मी हेच सांगतो.

पुढे डॉक्टरांनी माप घेतलं. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोब्बर मध्ये, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. १०१ सेंटीमीटर भरलं. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ही मर्यादा. उपाशीपोटी साखर ११८ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन मात्र बेताचंच होतं. आपल्या पुण्यातल्याच केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी हेच मांडलंय: २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. त्यामुळे काटा चांगला दिसला तरी निश्चिंत होऊ नका. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. जास्त त्रास देते ती आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी.

नुसत्या पोटाच्या व्यायामांनी पोटाची चरबी जात नाही. स्नायू घट्ट होतात, वरची चरबी तशीच राहते. मी रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, भात निम्मा केला, आठवड्यातून चार दिवस पर्वती चढलो. आठ महिन्यांत ९४ वर आलो, साखर ९८ झाली. पोट अजून दिसतं आणि ते मी स्वीकारलंय. शर्ट खोचतो, तलावावरही पुन्हा जातो.

दादा म्हणतो, "पोट आपल्या घराण्यातच आहे, अप्पांनाही होतं." होतं ना. अप्पांना बावन्नाव्या वर्षी इन्सुलिन लागलं, तेही घराण्यातलंच.

एक राहिलं: पोट थोड्या दिवसांत एकदम फुगलं, टणक लागलं किंवा पायांवर सूज आली तर ती चरबी नसेल, पाणी असू शकतं. तेव्हा थेट डॉक्टर गाठा.

दादा आता छप्पन्नचा आहे. त्याने अजून टेप लावू दिलेली नाही.