ठरलेल्या कामाबाहेरची मागणी आणि तिला द्यायचं उत्तर

एका प्रशिक्षण संस्थेसाठी ठरावीक रकमेत नोंदणीची वेबसाइट करतोय. काम निम्म्यावर आलंय आणि आता ते म्हणतात, कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला प्रमाणपत्रही आपोआप मिळू दे, एक बटणच तर टाकायचंय. करारात हे नाही. संबंध न बिघडवता ईमेल कसं लिहू?

लिहायला बसण्याआधी काम मोजा. मोजणी झाली नसेल तर ईमेल एक तर चिडकं होतं, नाहीतर गुळमुळीत.

बटण समोरच्याला दिसतं, त्याच्यामागचं काम दिसत नाही. कोर्स पूर्ण झाला हे कोणीतरी नोंदवायला हवं, म्हणजे संस्थेच्या कर्मचाऱ्यासाठी एक नवीन पान आलं. त्याचे 7 तास धरा. प्रमाणपत्राच्या रचनेचे 4. पीडीएफ तयार करण्याचे 10. हा आकडा मोठा वाटेल, पण पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररी देवनागरी अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतात, त्यामुळे जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. 'क्षितिजा' आणि 'प्रद्युम्न' ही दोन नावं छापून बघा, लगेच कळेल. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि नाव चुकल्यास पुन्हा काढण्याची सोय यांचे 4, चाचणीचे 6 आणि सर्व्हरवर चढवण्याचा 1. एकूण 32 तास. दिवसाला सहा-साडेसहा तास प्रत्यक्ष काम होतं असं धरलं तर कामाचे पाच दिवस.

आता ईमेल असं जाऊ शकतं:

> विषय: प्रमाणपत्राची सोय – बदल विनंती क्र. 1
>
> नमस्कार,
>
> काल फोनवर आपण प्रमाणपत्राबद्दल बोललात. कोर्स पूर्ण झाला की विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र वेबसाइटवरून डाउनलोड करता यावं, अशी आपली अपेक्षा आहे, असं मी समजतो.
>
> करारासोबतच्या कामाच्या यादीत कोर्सची माहिती, नोंदणीचा फॉर्म, ऑनलाइन शुल्क आणि नोंदींचा तक्ता या चार गोष्टी आहेत. प्रमाणपत्र त्यात नसल्याने ठरलेल्या रकमेत ते करता येणार नाही.
>
> बदल विनंती म्हणून ते वेगळं करून देता येईल. काम 32 तासांचं आहे. करारातल्या ताशी दराने होणारी रक्कम आणि त्यात काय काय येईल, हे सोबतच्या पानावर दिलं आहे. पर्याय 1: आत्ताच करायचं, वेबसाइट सुरू होण्याची तारीख कामाचे पाच दिवस पुढे जाईल. पर्याय 2: वेबसाइट ठरल्या तारखेला सुरू करायची आणि प्रमाणपत्र नंतर जोडायचं.
>
> हवा तो पर्याय याच ईमेलच्या उत्तरात 'मंजूर' म्हणून कळवावा, त्यानंतर काम हाती घेतो. हा अंदाज आजपासून 15 दिवस ग्राह्य राहील.
>
> ठरलेलं काम वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे. शुल्क भरण्याचा भाग या आठवड्यात चाचणीसाठी आपल्याकडे येईल.

नकार एकाच वाक्यात आहे आणि त्याचं कारण कामाच्या यादीत आहे. 'सध्या खूप काम आहे' असं कारण दिलंत तर समोरचा समजुतीने म्हणेल, 'काही घाई नाही, पुढच्या आठवड्यात करा', आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच. माफीही मागू नका. मागितलेली गोष्ट देणं लागत होता असा तिचा अर्थ निघतो. शेवटचा परिच्छेद मात्र गाळू नका. पैशांचा विषय निघाला की आता मूळ कामही अडेल, अशी धास्ती ग्राहकाला वाटते. ती गेली की निम्मा ताण उतरतो.

'सोबतच्या पानावर' काय येत नाही, हेही लिहा: सही केलेलं डिजिटल प्रमाणपत्र नाही, जुन्या विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं नाहीत, एकच नमुना. नाहीतर बदल विनंतीलाच पुढे फाटे फुटतात.

घासाघीस होईल. दर कमी करू नका, काम कमी करा. क्रमांक आणि पुन्हा काढण्याची सोय सोडली तर 28 तास होतात. यादीतली अजून हात न लावलेली एखादी गोष्ट काढून तिच्या जागी हे घेण्याचा रस्ताही आहे, फक्त दोन्हींचे तास जुळले पाहिजेत. चाचणी मात्र यादीतून काढू देऊ नका. ती काढली तरी चुका तुमच्याच दारात येतात.

आमच्या करारात 'नोंदणीचं संपूर्ण व्यवस्थापन' असं लिहिलंय. ग्राहक म्हणतो, नोंदणी रद्द झाल्यावर पैसे आपोआप परत जाणं त्यातच आलं. मला हे जादा काम वाटतं.

इथे तुमची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. 'संपूर्ण' असं लिहून दिल्यावर त्यात काय येत नाही, हे दाखवण्याची जबाबदारी व्यवहारात तुमच्याकडे येते. त्यामुळे 'हे करारात नाही' असं ठणकावणारं ईमेल पाठवू नका. पुढची पाच ईमेलं 'संपूर्ण' म्हणजे किती, यावरच जातील.

आधी मंजूर झालेली पानांची चित्रं आणि बैठकीच्या नोंदी काढा. पैसे परत करण्याचं बटण मंजूर चित्रात असेल तर ते काम तुमचंच, विषय संपला. ते नसेल, तर ठरलेली गोष्ट या मागणीशिवाय वापरता येते का, हे बघा. नोंदणी रद्द करता येत नसेल तर व्यवस्थापन अपुरं आहे, हे कोणीही मान्य करेल. पण रद्द झालेल्या नोंदणीचे पैसे कर्मचाऱ्याला पेमेंट गेटवेच्या स्वतःच्या डॅशबोर्डवरून परत पाठवता येतात. म्हणजे काम अडत नाही.

मग मागणीचे दोन भाग करा. नोंदणी 'रद्द' अशी खूण करणं आणि तिची जागा पुन्हा मोकळी होणं मूळ रकमेत द्या. पैसे आपोआप परत जाणं बदल विनंतीत घाला, कारण त्यात कोर्स सुरू होण्याच्या किती दिवस आधी किती टक्के कापायचे, परतफेड अर्धवट अडकली तर काय आणि हिशेबात ती कशी दिसायची, हे सगळे निर्णय आहेत आणि ते अजून कोणी घेतलेले नाहीत. ईमेलमध्ये असं लिहा:

> 'संपूर्ण व्यवस्थापन' या शब्दांचा अर्थ दोन प्रकारे घेता येतो, हे मला मान्य आहे. म्हणून रद्द करण्याची सोय मी मूळ कामात धरतो आहे. कपातीच्या नियमांसह आपोआप परतफेड हे स्वतंत्र काम आहे, त्याचा अंदाज सोबत देतो.

एवढं मान्य केल्याने तुमचे काही तास जातात. शब्दावर भांडण्यात त्याहून जास्त जातात, असं माझं मत आहे. हाच घोळ पुढे टाळायचा तर करारात 'यात समाविष्ट नाही' असा वेगळा परिच्छेद ठेवा.

एक सावधगिरी: मंजूर पानावर दाखवलेली गोष्ट तशी चालत नसेल तर तो दोष आहे, बदल नव्हे. दोषाच्या दुरुस्तीला बदल विनंती लावलीत की तुमच्या खऱ्या बदल विनंत्यांवरचाही विश्वास उडतो.

व्हिडिओ कॉलवर मी 'हो, करून टाकू' म्हणून बसले आणि सुरुवातही केली. आता लक्षात येतंय की काम बरंच मोठं आहे. मागे कसं फिरू?

आजच लिहा. रोज जसजसं काम पुढे जाईल तसतसा तुमचा होकार पक्का धरला जाईल. 'मी असं म्हणालेच नव्हते' हे लिहू नका. तोंडी होकारालाही अनेक ठिकाणी कायद्याने अर्थ असतो, शिवाय कॉलवर आणखी माणसं होती.

> सोमवारच्या कॉलवर मी ही सोय करते म्हणाले होते. तपशिलात गेल्यावर लक्षात आलं की हे काम सुमारे 40 तासांचं आहे आणि ठरलेल्या यादीबाहेर आहे. आतापर्यंत झालेले 6 तास मी आकारत नाही. उरलेल्या कामाची बदल विनंती सोबत आहे. आपली लेखी मंजुरी येईपर्यंत हे काम इथे थांबवते आहे.

सहा तास सोडून देणं हे तुमच्या होकाराचं मोल आहे, ते द्या. पण अर्धवट काम वेबसाइटवर दिसेल असं ठेवू नका. ते कोडच्या वेगळ्या शाखेत बाजूला ठेवा. ग्राहकाने पडद्यावर एकदा पाहिलं की उरलेल्या कामाचे पैसे मागणं फार अवघड होतं.

यापुढे कॉलवर 'बघून उद्यापर्यंत तास कळवते' एवढंच म्हणा.

दहा-पंधरा मिनिटांच्या बदलांनाही विनंती पाठवायची? हास्यास्पद वाटतं.

पैसे घेऊ नका, नोंद मात्र ठेवा. काम सुरू होतानाच किरकोळ बदलांसाठी एकूण 6 ते 8 तास ठरवून घ्या. असा प्रत्येक बदल तारखेसह एका तक्त्यात लिहा आणि दर आठवड्याच्या प्रगतीच्या ईमेलमध्ये 'किरकोळ बदल: 8 पैकी 5 तास वापरले' अशी ओळ घाला. बिलातही तो बदल शून्य रकमेने दाखवा. नोंद नसली तर फुकट केलेलं पुढच्या वेळी ठरलेलंच मानलं जातं. मात्र शुल्क, लॉगिन किंवा डेटाच्या रचनेला हात लावणारा बदल दहा मिनिटांचा दिसला तरी या तासांत घेऊ नका. त्याची चाचणीच तासभर खाते.

बदल विनंती पाठवून तीन आठवडे झाले. मंजुरी नाही, नकारही नाही. पण त्यांचा समन्वयक दर दोन दिवसांनी विचारतो, 'ते कुठवर आलं?'

बहुतेक वेळा विचारणाऱ्याला खर्च मंजूर करण्याचा अधिकार नसतो आणि ज्याला असतो त्याच्यापर्यंत तुमचं ईमेल पोचलेलंच नसतं. करारावर सही कोणाची आहे ते बघा आणि मूळ ईमेल त्या व्यक्तीला पाठवा, समन्वयकाला प्रतीत ठेवून. त्याला डावलल्यासारखं वाटू नये म्हणून आधी त्याला फोन करून सांगा. त्यालाही बहुधा सुटल्यासारखंच वाटेल.

दरम्यान 'चालू आहे', 'होईल' अशी उत्तरं देऊ नका. दर वेळी तेच लिहा: 'बदल विनंती क्र. 1 मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे, काम सुरू झालेलं नाही.' प्रगतीच्या ईमेलमध्येही हीच ओळ राहू द्या. तुमच्या अंदाजाची मुदत एव्हाना संपली असेल, तर तसं कळवून विनंती बंद करा आणि पुन्हा हवी असल्यास नवीन तारखांसह नवा अंदाज देईन, असं लिहा. वेबसाइट सुरू करायच्या दिवशी 'प्रमाणपत्र कुठे आहे?' असं कोणी विचारलं, तर ही ईमेलं तारखेसह दाखवता येतील.