बारा ओळींच्या जेडीतील तीन ओळी

प्रश्न : माझा रिझ्युमे कंपनीच्या जेडीशी, म्हणजे कामाच्या वर्णनाशी, जवळजवळ नव्वद टक्के जुळतो, तरी कन्सल्टन्सीवाले तो कंपनीकडे पाठवतच नाहीत. हे लोक नेमकं काय बघून ठरवतात?

मी सांगलीतील एका रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीत नऊ वर्षे काम करतो आणि कुपवाड, मिरज व पलूस भागातील फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी उमेदवार पाहतो. ‘नव्वद टक्के’ हा हिशेब आपण शब्द मोजून केला असावा. आमचा हिशेब वेगळा असतो आणि तो रिझ्युमे उघडण्याच्या आधीच सुरू होतो. अलीकडचे एक प्रकरण सांगतो, म्हणजे ते स्पष्ट होईल.

कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा होता. तेथे वाहन उद्योगासाठी कास्टिंगचे मशीनिंग होते. त्यांनी पाठवलेल्या जेडीत बारा ओळी होत्या : बीई मेकॅनिकल, तीन ते पाच वर्षांचा अनुभव, पीपॅप म्हणजे भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया, एसपीसी आणि एमएसए या गुणवत्ता व मोजमाप तपासण्याच्या पद्धती, सीएमएम हे मोजमापाचे यंत्र, ग्राहकांच्या तक्रारी, ऑडिट आणि शेवटी नेहमीचे ‘उत्तम संवादकौशल्य’. अशी जेडी बहुधा मागच्या भरतीच्या फाइलमधून जशीच्या तशी उचललेली असते, म्हणून मी एचआरला न विचारता थेट क्वालिटी मॅनेजर साहेबांना फोन केला आणि दोनच गोष्टी विचारल्या : आधीचा माणूस का गेला, आणि नव्या माणसाने पहिल्या तीन महिन्यांत काय केलेले आपल्याला हवे आहे? उत्तर असे आले की, एकाच ग्राहकाकडून तीच तक्रार तिसऱ्यांदा आली होती आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचे मूळ कारण आणि उपाय सांगणारा अहवाल, नीट लिहून तो ग्राहकापुढे मांडणारा माणूस त्यांच्याकडे उरला नव्हता. सीएमएम चालवायला ऑपरेटर आधीच होता. म्हणजे बारापैकी तीन ओळींना खरा भाव होता : तक्रार हाताळणे, पीपॅपची कागदपत्रे स्वतः तयार करणे आणि मशीनिंगच्या मालाचा अनुभव. बाकीच्या ओळी असल्या तर बऱ्याच, नसल्या तरी चालणाऱ्या. हा फोन जो कन्सल्टंट करत नाही, तो पुढे केवळ शब्दांशी शब्द जुळवत बसतो.

एकूण एक्केचाळीस रिझ्युमे आले. पहिल्या वाचनात मी फक्त शेवटची तीन वर्षे पाहतो, कारण पाच वर्षांपूर्वी एकदा केलेले काम आज हाताला लागेलच असे नसते. मग क्रियापदे पाहतो. ‘सहभाग होता’, ‘माहिती आहे’ आणि ‘तयार केले’ यांत मोठे अंतर आहे, आणि रिझ्युमे कोणाकडून तरी लिहून घेतलेला असला, तर हे अंतर नेमके पुसले गेलेले असते. त्यामुळे जे दहा-बारा रिझ्युमे उरतात, त्यांचा निकाल फोनवरच लागतो.

त्यांतला एक उमेदवार कागदावर सर्वांत पुढे होता. बीई, चार वर्षे, पुण्याजवळील कंपनी, जेडीतील एकही शब्द सुटलेला नाही. मी विचारले की, शेवटच्या पीपॅपमध्ये आपण स्वतः कोणते कागद केले? उत्तर आले, ‘आमची टीम सगळं करायची.’ मग विचारले की, गेजच्या मापात किती फरक पडतो हे पाहणारा आर अँड आर अभ्यास केला असेल, तर तो किती टक्के आला होता? यावर ते थांबले. ज्याने हा अभ्यास एकदा जरी स्वतः केला असेल, त्याला आकडा नेमका आठवला नाही तरी एवढे नक्की आठवते की, दहा टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, तीसच्या वर गेला तर तो वापरता येत नाही, आणि मधल्या पट्ट्यात ग्राहकाशी बोलावे लागते. पुढे बोलण्यातून कळले की, ते बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीवर होते आणि पीपॅपच्या फाइली गोळा करून वर पाठवत असत. यात खोटे काहीच नव्हते, पण या जागेसाठी ते काम पुरेसे नव्हते.

दुसरा उमेदवार शिरवळच्या एका कारखान्यातला. डिप्लोमा, साडेचार वर्षे, रिझ्युमे दीड पानाचा, आणि त्यात ‘एट-डी’ हा शब्दच नव्हता. फक्त ‘ग्राहकाच्या तक्रारी पाहतो’ एवढेच लिहिलेले. केवळ शब्द शोधले असते, तर हा रिझ्युमे वर आलाच नसता. फोनवर त्यांनी एक तक्रार सविस्तर सांगितली. एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतले छिद्र, मोठा निघाला होता. ते दोन दिवस ग्राहकाच्या गोदामात बसून प्रत्येक नग मोजत होते. नंतर कारण सापडले की, कापणारे टोक, म्हणजे इन्सर्ट, बदलल्यावर मशीनला मापाचा ऑफसेट चुकीचा दिला जात होता आणि पहिला नग न तपासताच उत्पादन पुढे जात होते. त्यांनी कंट्रोल प्लॅन, म्हणजे तपासणीचा आराखडा, बदलला आणि पुढचे तीन महिने त्या बोअरच्या नोंदी ठेवल्या. मला पटले ते मात्र त्यांचे पुढचे वाक्य : ‘पहिल्या रिपोर्टमध्ये मी ऑपरेटरची चूक असं लिहिलं होतं सर, ग्राहकानं तो परत पाठवला.’ हे काम ज्याने केले आहे, त्यालाच ते सुचते, कारण ‘ऑपरेटरची चूक’ हे मूळ कारण म्हणून कोणताही जाणता ग्राहक स्वीकारत नाही. चूक होऊ देणारी पद्धत कोणती, हेच तो विचारतो.

अडचण पदवीची होती. अशा वेळी रिझ्युमे गुपचूप पाठवून नशिबावर सोडणे मला मान्य नाही. मी आधी मॅनेजर साहेबांना फोन करून डिप्लोमा चालेल का, हे विचारले, आणि होकार आल्यावर रिझ्युमेसोबत चार ओळींची टिप जोडली : काय आहे, काय नाही, नोटीस पिरियड किती, अपेक्षित पगार किती आणि सांगलीत येण्याचे कारण काय. शेवटचा मुद्दा आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे. पुण्याचा पगार सोडून येणारा माणूस घर किंवा शेती यांसारख्या कारणाने येत असेल तर टिकतो, नाहीतर इथली ऑफर दाखवून तिथे पगार वाढवून घेतो.

एक्केचाळीसपैकी मी तीनच पाठवले. आपल्याला हे कंजूषपणाचे वाटेल, पण आमचा व्यवहारही तसाच आहे. आमची फी उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते आणि ती साधारणपणे वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. बहुतेक करारांत असेही असते की, ठरलेल्या मुदतीत, अनेकदा नव्वद दिवसांत, माणूस सोडून गेला, तर दुसरा विनामूल्य द्यायचा. सुरुवातीच्या काळात मी एकदा शब्दांवर भुलून असा उमेदवार पाठवला होता की, त्याचा अनुभव प्रत्यक्षात ग्राहकाच्या दारात माल निवडून देणाऱ्या ठेकेदाराकडचा होता. मुलाखत दहा मिनिटांत संपली. त्याहून वाईट म्हणजे, पुढचे दोन महिने त्या कंपनीने माझे रिझ्युमे उघडलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची चूक म्हणून मान्य केली पाहिजे. ज्यांना पाठवत नाही, त्यांना आम्ही कारण क्वचितच कळवतो. त्या पुण्याच्या उमेदवाराला मी कळवले, तेव्हा ते आधी चिडले. नंतर त्यांनी रिझ्युमेतून चार शब्द काढून टाकले आणि त्या जागी महिन्याला किती लॉट तपासले, किती नाकारले, पुरवठादाराकडे जाऊन काय सुधारले, हे लिहून पाठवले. दीड महिन्याने मिरजेत पुरवठादारांची क्वालिटी पाहणाऱ्या माणसाची जागा निघाली, तेव्हा सर्वांत आधी मी त्यांनाच फोन केला. कुपवाडच्या जागेवर शिरवळचे डिप्लोमावाले रुजू झाले.