मोडलेल्या ऑर्डरींचं गणित

सराफ कट्टा, सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. भाव कोसळला, तीन गिऱ्हाइकांनी ऑर्डर मोडायची म्हटलं आणि त्यांचे बयाणे जप्त करावेत का, असं तू विचारतोस. घाई करू नकोस. आधी तासगावच्या एका सोनाराची गोष्ट वाच.

२३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव त्याच दिवशी घसरला. त्या सोनाराकडे एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीच्या लग्नाच्या पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या, बावीस कॅरेटच्या. हिशेब सोपा जावा म्हणून भाव गोळाबेरीज धरतो. ऑर्डर ६,७०० रुपये ग्रॅमनं बांधलेली, बयाणा फक्त १०,००० रुपये. ऑर्डर घेतली त्याच संध्याकाळी सोनारानं चाळीस ग्रॅमसाठी लागणारं साडेछत्तीस ग्रॅमच्या वर शुद्ध सोनं विकत घेऊन ठेवलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. भाव बांधून दिला की माल घेऊन ठेवायचाच असतो, नाहीतर भाव चढला की सोनार बुडतो.

भाव ६,३०० वर आला तेव्हा एक पाटली तयार होती, दुसरीचे सांधे डाग देऊन जोडायचे होते. बागायतदार दुकानात येऊन म्हणाला, "बयाणा गेला तरी चालेल, मला ऑर्डर नको."

तो असं का म्हणाला, ते नीट समजून घे. चाळीस ग्रॅमवर चारशेचा फरक म्हणजे १६,००० रुपये. दुसरीकडे नव्या भावानं पाटल्या घेतल्या आणि १०,००० इथं सोडले, तरी त्याचे ६,००० वाचत होते. माणूस लबाड नव्हता, बयाणाच तोकडा होता. तोच बयाणा १६,००० च्या वर असता, तर ऑर्डर मोडून त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

सोनाराची बाजूही बघ. ऑर्डर मोडली तर १०,००० पदरात, पण सोन्यावर १६,००० चा खड्डा. शिवाय पाटली मोडायची म्हणजे मजुरी पाण्यात. डागाचं सोनं हलक्या कसाचं असतं, ते मुशीत मिसळलं की लगडीचा कस उतरतो. मग विट्याच्या गलाईवाल्याकडून ती शुद्ध करून घ्यायची, त्यात घट आणि खर्च वेगळा.

त्यानं वही बागायतदारापुढे ठेवली आणि तोड सुचवली: चोवीस ग्रॅम जुन्या भावानं, सोळा ग्रॅम आजच्या भावानं. सोन्याचे झाले २,६१,६००. दुसरीकडे जाऊन, बयाणा सोडून, त्याला २,६२,००० पडले असते. फरक चारशेचाच, पण त्याच्या मापाच्या पाटल्या इथं अर्ध्या झालेल्या. तो थांबला. सोनाराला ६,४०० सोसावे लागले. ऑर्डर मोडली असती तर सोन्यातच ६,००० गेले असते आणि वर मजुरी, घट.

तुझ्या तिन्ही ऑर्डरींना हेच गणित लाव. आधी बघ, ज्या सोन्याचा भाव तू बांधलास ते खरंच घेतलं होतंस का. घेतलंच नसेल तर भाव पडल्यानं तुझं काही गेलेलं नाही, तिथं बयाणा अडवून धरू नकोस, परत दे. घेतलं असेल तर घसरणीची रक्कम आणि बयाणा शेजारी शेजारी लिही. बयाणा मोठा असेल तर गिऱ्हाईक आकडे बघून आपणच थांबेल. तरीही गेलंच, तर झालेलं नुकसान कापून उरलेले पैसे हातात दे. बयाणा लहान असेल तर तासगावसारखी तोड काढ.

एखादी ऑर्डर मोडलीच तर तयार दागिना लगेच मुशीत घालू नकोस. भाव उतरला की गिऱ्हाईक दुकानात येतंच, तो आधी काऊंटरवर मांड. मात्र भाव चढेल या आशेनं ते सोनं दाबून ठेवू नकोस. २०२४ साली दसऱ्यापर्यंत भाव परत वर गेला होता खरा, पण जुलैत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तासगावच्या सोनारानं पुढे पद्धतच बदलली: जेवढे पैसे जमा, तेवढ्याच ग्रॅमचा भाव बांधायचा. २६,८०० आले तर ६,७०० नं चार ग्रॅम बांधले, तेवढंच सोनं त्या दिवशी घेतलं. उरलेल्या छत्तीस ग्रॅमना दागिना नेण्याच्या दिवशीचा भाव. काम सुरू करायला सोनं दुकानच्या साठ्यातून काढायचं आणि गिऱ्हाइकाचे पैसे आले की त्याच दिवशी तेवढे ग्रॅम भरून घ्यायचे. त्यामुळे भाव पडला तरी मोडण्यात गिऱ्हाइकाचा फायदा फारसा उरत नाही. याला साठा लागतो, तो तुझ्याकडे थोडा आहे, म्हणून मोठ्या ऑर्डरी एकदम धरू नकोस. आणि भाव चढला तर जास्त पैसे पडतील, हे पावतीवर लिहून पहिल्याच दिवशी वाचून दाखव. नंतर सांगितलंस तर भांडण ठरलेलं.

तिघांचे वजन, बांधलेला भाव, बयाणा आणि काम कुठवर आलंय, हे लिहून पाठव. उद्या दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा फोनवर एकेक ऑर्डर बघू. तोवर कुणालाही शेवटचं उत्तर देऊ नकोस.

तुझा,
काका