उद्याचं ऐकणं आज रात्रीच लावा

प्रवासात ऐकायचं व्याख्यान निवडताना विषयाआधी लांबी बघा. प्रवास ५० मिनिटांचा असला तरी चढ-उतार, गाडी बदलणं वगळता सलग ऐकायला ४०च मिळतात. तासाभराचं व्याख्यान १.५ वेगाने तेवढ्यात बसतं. वक्ता मुळातच भरभर बोलणारा असेल तर मात्र वेग वाढवू नका, उरलेलं परतीच्या वाटेवर ऐका. फळ्यावर आकृत्या काढणारी व्याख्यानं सरळ वगळा. नुसतं ‘हे इथे बघा’ ऐकून काय कळणार?

आणि रांगेत लावलं म्हणजे डाउनलोड झालं असं नाही. झोपण्याआधी एअरप्लेन मोड लावून शेवटची दोन मिनिटं वाजवून पाहा. सुरुवात वाजवून उपयोग नाही, तेवढी बऱ्याचदा आधीच साठवलेली असते. शेवट अडकला, तर फाइल पूर्ण उतरलेली नाही.