शेजारच्या आजींचं ऑपरेशन झालंय, हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्यावर त्यांच्याशी नेमकं काय बोलायचं?

सगळ्यात आधी स्वतःचं नाव सांगा. आणि "ओळखलं का मला?" हे चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवा.

मी ऑर्थोच्या वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झालेय, त्यामुळे या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं. शिवाय एक ताजं कारण पण आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकू (नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आम्ही), ऐंशीच्या पुढच्या, गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बॉल बदलायचं ऑपरेशन झालं, ते झालं पण व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिल्डिंगमधली पाच-सहा मंडळी भेटायला गेली, मी पण होते. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक काका आहेत, नाव घेत नाही, ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्याने, "काय काकू, ओळखा बघू मी कोण?" आता काकूंचा चष्मा ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना काढलेला, कवळी काढलेली, कानातलं मशीन काढलेलं, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुनेच्या पर्समध्ये. त्यांना समोर फक्त एक ठोकळा दिसत असणार. त्यांनी आपल्या भावाचं नाव घेतलं. सगळे हसले. मग त्या म्हणाल्या, "हे आले का? गॅसवर दूध आहे, उतू जाईल." तर आमचे काका लगेच, "अहो काकू, साहेबांना जाऊन किती वर्षं झाली, काय बोलताय!"

काकू अशा रडायला लागल्या की जणू आत्ताच कोणी येऊन बातमी दिलीय. उठून घरी जायला निघाल्या, सलाइनची नळी ओढली, पाय वळवायला लागल्या. नवीन बॉल बसवल्यावर पाय असा आत वळला किंवा एकावर एक आला तर तो बॉल जागेवरून निसटू शकतो, म्हणून तर पायांच्या मध्ये उशी ठेवलेली असते. आम्ही दोघी-तिघींनी धरलं म्हणून बरं.

याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे "भूल डोक्यात गेली" किंवा सरळ "वेड लागलं" म्हणून मोकळे होतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर पेशंटमध्ये हे अगदी कॉमन आहे, बहुतेक वेळा पहिल्या २-३ दिवसांत सुरू होतं, आणि दिवसभर एकसारखं नसतं, सकाळी माणूस छान बोलतो, संध्याकाळ झाली की बिघडतो. नुसती भूल कारण नसते, कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलं तरी होतं. दुखणं, झोप नाही, लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नाही, सोडियम कमी, एखादं औषध, त्यात चष्मा नाही आणि ऐकू येत नाही, असं सगळं एकावर एक चढतं.

तर मी काय केलं, सुनेकडून पिशवी घेतली, चष्मा लावला, मशीन कानात घातलं, लाइट लावला आणि खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसले (पलंगावर नाही बसायचं). हात हातात घेतला आणि सांगितलं, "काकू, मी तळमजल्यावरची, रोज पेपर वाचायला येते ती. आज बुधवार, संध्याकाळचे सहा वाजलेत. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, पडला होतात ना, पायाचं ऑपरेशन झालंय. सून इथेच बसलीय. गॅस बंद आहे, मी बघून आलेय." एका वेळी एकच वाक्य, मग थांबायचं, त्यांचं डोकं पोचेपर्यंत. किंचाळायचं नाही, जाड आवाजात सावकाश बोललं की जास्त ऐकू येतं.

मग मी गोदेच्या पुराचं काढलं. काकू पंचवटीतल्या, माहेर सासर दोन्ही तिथलंच, त्यांना सांगितलं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय. लगेच, "गंगापूर धरणातून सोडलं असेल." बघा! माणूस जागेवर आला, पंधरा मिनिटं तरी. रात्री परत बिघडल्या, तो भाग वेगळा, आपल्या बोलण्याने आजार जात नाही. पण ती पंधरा मिनिटं त्यांनी नळी ओढली नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. त्या एकदम गप्प झाल्या. हे काका लिफ्टमध्ये मला म्हणतात, "चला, आता शांत झोपल्यात, आराम पडला." मला तेव्हाच खटकलं. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण हा गप्पवाला प्रकार जास्त सुटतो, हाक मारली की डोळे उघडणार, अर्धं वाक्य बोलणार आणि परत ग्लानीत. मी ड्यूटीवरच्या सिस्टरला जाऊन सांगितलं, "काल संध्याकाळी माझ्याशी पुराबद्दल नीट बोलत होत्या, आज दुपारपासून वाक्य पुरं करत नाहीयेत." असंच सांगायचं, काल काय होतं, आज काय आहे, कधीपासून. "बरं वाटत नाहीये त्यांना" म्हणून काही कळत नाही. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, सोडियम कमी निघालं आणि इन्फेक्शनही निघालं. ट्रीटमेंटने आठवडाभरात हळूहळू ताळ्यावर आल्या.

आणि काका अजून म्हणतात, "मग काय पेशंटशी खोटं बोलायचं? नवरा जिवंत आहे म्हणायचं?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुद्धा काढलं हे त्यांनी. अहो, कोण म्हणतंय खोटं बोला! "हो हो, येतायत" म्हणायची गरज नाही, आणि मेल्याची बातमी परत द्यायची पण गरज नाही. "त्यांची आठवण येतेय का?" एवढं विचारा, दुधाची काळजी आहे तर दुधाचं उत्तर द्या. भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणाल्या तर "मला नाही दिसत, पण तुम्हाला भीती वाटतेय ना, मी बसलेय इथे." यात खोटं कुठे आहे ते त्यांनी मला दाखवावं.

आता तुमच्या आजींचं कसलं ऑपरेशन झालंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या ठणठणीत शुद्धीवर असतील तर हे वार-तारीख प्रकरण करू नका, चिडतील, नेहमीसारख्या गप्पा मारा. आधीपासूनच विसरभोळेपणाचा आजार असेल तर घरच्यांना विचारून बोला, त्यांना आजींची सवय माहीत असते. "माझ्या मावशीचं पण असंच झालं होतं, मग गेलीच ती" हे कोणाहीपुढे नको. नारळपाणी सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका, ग्लानीत ठसका लागतो. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका.

दहा-पंधरा मिनिटं पुरे. निघताना परत कधी येणार ते खरं सांगा, येणार नसाल तर "उद्या येते" म्हणू नका, बेडवरची माणसं दाराकडे बघत बसतात. आमचे काका "उद्या येतो" म्हणून गेले ते परत फिरकले नाहीत, ग्रुपवर मात्र रोज सकाळी फुलांचा गुच्छ पाठवत होते, काकूंकडे तर साधा बटणांचा फोन आहे.